गोडाऊनमध्ये माल पडून, डेपोत मात्र तुटवडा: सुरक्षा साठ्याची जागा कशी दुरुस्त करायची

तक्रार नेहमीची आहे. गोकुळ शिरगावच्या मध्यवर्ती गोडाऊनमध्ये एखाद्या पार्टचे हजारभर नग रॅकवर दिसत असतात आणि त्याच दिवशी सोलापूरच्या डेपोतून फोन येतो की काउंटरवर एकही नग नाही, गिऱ्हाईक परत गेलं. मग कुरिअरने दहा-वीस नग पाठवले जातात, पुढच्या खरेदीत जरा जास्त मागवलं जातं आणि दोन-तीन आठवड्यांनी हाच फोन कराडहून येतो. एकूण साठा दर तिमाहीला वाढतो, तुटवडा मात्र जिथल्या तिथे. साठा कमी पडल्यामुळे असं होतं, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. बहुतेक वेळा साठा पुरेसा असतो, पण तो चुकीच्या पातळीवर आणि चुकीच्या हिशोबाने बसलेला असतो.

पुढची सगळी उकल एकाच वस्तूवर करू: मोनोब्लॉक पंपाचं मेकॅनिकल सील. गोडाऊन गोकुळ शिरगावला, डेपो चार: सांगली, कराड, कणकवली आणि सोलापूर. गणित डोळ्यांसमोर राहावं म्हणून चारही डेपो सारखे धरले आहेत. प्रत्येकाची रोजची सरासरी विक्री २५ नग आणि रोजच्या विक्रीचं प्रमाण विचलन १० नग. या प्रमाण विचलनाला पुढे नुसतं ‘चढउतार’ म्हटलं आहे. आठवडा सहा कामाच्या दिवसांचा. प्रत्येक डेपोची गाडी आठवड्यातून एकदा सुटते: सोमवारी सांगली, मंगळवारी कराड, बुधवारी कणकवली, गुरुवारी सोलापूर. पुरवठादाराकडून गोडाऊनला माल यायला ३० कामाचे दिवस लागतात आणि त्याला ऑर्डर आठवड्यातून एकदा जाते.

आधी तुटवड्यांची विभागणी करा

कुठलंही सूत्र हातात घेण्याआधी गेल्या २६ आठवड्यांतला या वस्तूचा प्रत्येक डेपो-तुटवडा काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: त्या दिवशी गोडाऊनमध्ये माल होता का? होता, तर तो पहिल्या ढिगात. नव्हता, तर दुसऱ्या ढिगात. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येकासाठी आणखी एक गोष्ट बघा: त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या डेपोत तीच वस्तू भरपूर पडली होती का?

पहिला ढीग मोठा असेल तर डेपोचा सुरक्षा साठा चुकीच्या कालावधीवर काढलेला आहे. गोडाऊनमध्ये कितीही भर घाला, तो तुटवडा हटणार नाही, कारण डेपो गाडीची वाट बघतोय. दुसरा ढीग मोठा असेल आणि शेजारच्या डेपोत माल असेल, तर दोष वाटपाच्या पद्धतीत आहे. कुठेच माल नव्हता, असे दिवस जास्त असतील तर पुरवठादाराचा वायदा तपासायला हवा. माल गोडाऊनमध्ये पडून असल्याची तक्रार जिथे असते तिथे पहिला ढीगच मोठा निघतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डेपोचा कालावधी तीन दिवस नसतो, नऊ असतो

सोलापूरचा एक आठवडा जवळून पाहा. डेपो मंगळवारी संध्याकाळी इंडेंट पाठवतो. बुधवारी गोडाऊनमध्ये माल काढून खोकी बांधली जातात, गुरुवारी गाडी सुटते, शुक्रवारी माल उतरवून, मोजून, संगणकावर जमा होतो. तीन दिवस. म्हणून लीड टाइम तीन दिवस धरला जातो आणि सुरक्षा साठा निघतो २ × १० × √३, म्हणजे ३५ नग. (इथला २ हा सेवापातळीचा गुणक. २ घेतला की एका फेरीत तुटवडा न पडण्याची शक्यता सुमारे ९७.७ टक्के असते.)

आता बुधवारी सकाळी एखादा मोठा मेकॅनिक येतो आणि एकदम ४० सील उचलतो. इंडेंट आदल्या संध्याकाळीच गेलेलं आहे. या ४० नगांची नोंद पुढच्या मंगळवारच्या इंडेंटमध्ये जाईल आणि माल त्यापुढच्या शुक्रवारी रॅकवर येईल. बुधवार सकाळपासून मोजा: बुध, गुरू, शुक्र, शनि, सोम, मंगळ हे सहा दिवस इंडेंटची वाट बघण्यात, आणि मग बुध, गुरू, शुक्र हे तीन दिवस मालाची. एकूण नऊ. डेपोला स्वतःच्या रॅकवर जो काळ काढावा लागतो तो हा नऊ दिवसांचा. इंडेंटच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर आणि माल पोहोचायचा वेळ यांची बेरीज करायची. फक्त दुसरा आकडा घ्यायचा नाही.

नऊ दिवसांना सुरक्षा साठा २ × १० × ३ = ६० नग लागतो आणि ठेवलेला आहे ३५. नऊ दिवसांचा चढउतार ३० नगांचा, म्हणजे प्रत्यक्ष गुणक २ ऐवजी जेमतेम १.१६ उरतो आणि ९७.७ टक्क्यांऐवजी फेरीला सुमारे ८८ टक्के सेवा मिळते. एका डेपोपुरता बघितला तर हा आकडा फार वाईट वाटत नाही. पण चार डेपो आहेत. चारही डेपो एकाच आठवड्यात सुखरूप निघण्याची शक्यता ०.८८ चा चौथा घात, म्हणजे साधारण ५९ ते ६० टक्के. दर पाच आठवड्यांत दोन वेळा कुठल्या ना कुठल्या डेपोतून फोन येणारच. त्याला योगायोग किंवा डेपोचा गलथानपणा म्हणणं अन्यायाचं आहे, तो फोन आपल्याच सूत्रात लिहिलेला आहे.

वर्षाचा हिशोब मांडला तर चार डेपो × ५२ फेऱ्या = २०८ फेऱ्या. आत्ताच्या साठ्यावर त्यातल्या सुमारे २६ फेऱ्यांत तुटवडा येतो, ६० नगांवर सुमारे ५. गोडाऊनकडून कधीमधी उशीर होणारच, त्यामुळे प्रत्यक्षात पाचापेक्षा थोडे जास्त धरा.

गोडाऊनचा आकडा फुगतो कसा

डेपोंची बेरीज ३५ × ४ = १४० नग, आणि ती कमी आहे. मग गोडाऊनमध्ये एवढा माल कुठून आला? गोडाऊनचा सुरक्षा साठा बहुतेक ठिकाणी डिस्पॅच रजिस्टरवरून काढला जातो. रोज किती नग बाहेर गेले त्याचा स्तंभ घ्यायचा, त्याचा चढउतार काढायचा आणि ३० अधिक ६, म्हणजे ३६ दिवसांच्या वर्गमुळाने गुणायचा. ३६ हा आकडा बरोबर आहे. चूक स्तंभात आहे.

समजा विक्रीत काहीच चढउतार नाही, प्रत्येक डेपो रोज बरोबर २५ नगच विकतो. तरी डिस्पॅच रजिस्टर असं दिसेल: सोमवारी १५०, मंगळवारी १५०, बुधवारी १५०, गुरुवारी १५०, शुक्रवारी शून्य, शनिवारी शून्य. याचं प्रमाण विचलन सुमारे ७१ निघतं. सूत्रात घातलं की २ × ७१ × ६, म्हणजे साधारण ८५० नगांचा ‘सुरक्षा साठा’ तयार. बाजारात अनिश्चितता शून्य असताना! हा साठा कुठल्याही अनिश्चिततेसाठी नाही, तो गाड्यांच्या वेळापत्रकासाठी उभा आहे, आणि वेळापत्रक तर आपल्याला आधीच ठाऊक असतं.

वर्गमुळाचा नियम एक दिवस दुसऱ्या दिवसापासून स्वतंत्र असेल तेव्हाच लागू पडतो. डिस्पॅचमध्ये तसं नसतं, चार दिवस माल गेला की दोन दिवस जाणार नाही हे ठरलेलं असतं. ३६ दिवसांची खिडकी घेतली तर प्रत्येक डेपोच्या बरोबर सहा गाड्या त्यात येतात आणि हे उंचवटे नाहीसे होतात. उरतो तो फक्त गिऱ्हाइकाच्या मागणीचा खरा चढउतार.

यात दुसरी गोष्ट मिसळते. तुटवड्याने पोळलेला डेपो १५० लागत असताना २२० मागतो आणि पुढच्या आठवड्यात ८० मागतो. रजिस्टरमध्ये ते आणखी मोठे उंचवटे होतात, गोडाऊनचा आकडा आणखी फुगतो, आणि डेपोच्या नऊ दिवसांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. म्हणून गोडाऊनचा हिशोब डिस्पॅचवरून करायचाच नाही. चारही डेपोंची गिऱ्हाइकाला केलेली विक्री एका स्तंभात बेरीज करून घ्यायची आणि तिचा चढउतार काढायचा. चार डेपो एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर बेरजेचा चढउतार ४० होत नाही, √(४ × १००) = २० होतो, कारण सांगलीला जास्त गेलं त्या दिवशी कराडला कमी गेलेलं असू शकतं. गोडाऊनचा साठा मग २ × २० × ६ = २४० नग.

एकत्र मांडू. आज ८५० + १४० = ९९० नग आणि वर्षाला २६ तुटवडे. दुरुस्त मांडणीत २४० + (६० × ४) = ४८० नग आणि पाचेक तुटवडे. साठा निम्म्याहून कमी आणि सेवा कितीतरी चांगली, कारण डेपोतला साठा वाढला आणि गोडाऊनमधला उतरला.

एक्सेलमध्ये आठवड्याच्या विक्रीचे स्तंभ घेणं सोपं जातं, वारानुसार होणारा फरकही त्यात मावळतो. नऊ दिवस म्हणजे दीड आठवडा, ३६ दिवस म्हणजे सहा आठवडे. समजा B ते E चार डेपो आणि F ही त्यांची बेरीज:

```
=2*STDEV.S(B2:B27)*SQRT(1.5)
=2*STDEV.S(F2:F27)*SQRT(6)
```

पहिलं सूत्र एका डेपोचं (स्तंभ बदलून चार वेळा), दुसरं गोडाऊनचं. विक्रीचे आकडे घेताना एका गोष्टीची काळजी घ्या. तुटवड्याच्या दिवशी बिल शून्याचं दिसतं, पण मागणी शून्य नव्हती. काउंटरवर ‘नाही’ सांगितलेल्या नगांची वही ठेवली नसेल, तर ज्या डेपोत सर्वांत जास्त हाल झाले त्याचीच मागणी कमी दिसेल आणि त्यालाच कमी साठा मिळेल. दुसरं, मार्च ते मे पंपांचा हंगाम असतो आणि तो खरेदीच्या अंदाजात आधीच धरलेला असतो. म्हणून स्तंभात कच्ची विक्री घालण्यापेक्षा ‘प्रत्यक्ष विक्री वजा अंदाज’ घाला. ठाऊक असलेल्या हंगामासाठी सुरक्षा साठा नको, अंदाज जिथे चुकतो तिथेच तो हवा.

मधला मार्ग सर्वांत महाग पडतो

इथे एक शंका हमखास येते: थोडा साठा गोडाऊनमध्ये, थोडा डेपोत, आणि गोडाऊनने डेपोला ‘तीन आठवड्यांत देतो’ असं सांगितलं तर? वाजवी तडजोड वाटते, पण गणित उलट सांगतं.

गोडाऊन डेपोला किती दिवसांत माल द्यायची हमी देतं, यावर सगळं अवलंबून असतं. हमी शून्य दिवसांची असेल, म्हणजे मागितलं की काढून दिलं, तर गोडाऊनने ३६ दिवस झेलायचे आणि डेपोने नऊ. वर काढलेले ४८० नग तेच. हमी पूर्ण ३६ दिवसांची असेल, म्हणजे गोडाऊनमध्ये सुरक्षा साठाच नाही आणि आलेला माल थेट डेपोंना जातो, तर प्रत्येक डेपोने ३६ + ९ = ४५ दिवस झेलायचे: २ × १० × √४५ × ४ = साधारण ५३७ नग. आणि मधोमध १८ दिवसांची हमी दिली तर गोडाऊनला २ × २० × √१८ = १७० आणि डेपोंना २ × १० × √२७ × ४ = ४१६, एकूण ५८६. तडजोड दोन्ही टोकांपेक्षा महाग!

कारण वर्गमुळाच्या स्वभावात आहे. कालावधीचे पहिले काही दिवस फार महाग असतात, पुढचे स्वस्त होत जातात. एका ठिकाणी ३६ दिवस झेलायला सहापट लागते, तेच दोन ठिकाणी अठरा-अठरा वाटले की प्रत्येक ठिकाणी सव्वाचार पट. केनेथ सिम्प्सन यांनी १९५८ सालीच साखळीतल्या साठ्यांबद्दल हे दाखवून दिलं होतं की प्रत्येक टप्प्याने पूर्ण साठा ठेवावा किंवा अजिबात ठेवू नये, अर्धवट ठेवण्यात फायदा नसतो. त्यामुळे प्रत्येक वस्तूसाठी ठरवायचं ते एवढंच: गोडाऊन पूर्ण झेलणार की अजिबात नाही.

चारही डेपोंची मागणी एकदम वर जात असेल तर

शून्य दिवसांच्या हमीचा फायदा चार डेपोंचे चढउतार एकमेकांत जिरतात यावर उभा आहे. पाऊस लांबला की सांगली, कराड आणि सोलापूर तिन्हीकडे पंप एकाच आठवड्यात जास्त चालतात, सीलही एकाच आठवड्यात जातात. मग काहीच जिरत नाही.

हे मोजायला सहा जोड्यांचे सहसंबंध काढत बसायची गरज नाही. एक भागाकार पुरतो: बेरजेच्या स्तंभाचा चढउतार भागिले चारही चढउतारांची बेरीज.

```
=STDEV.S(F2:F27)/(STDEV.S(B2:B27)+STDEV.S(C2:C27)+STDEV.S(D2:D27)+STDEV.S(E2:E27))
```

चार सारखे डेपो पूर्ण स्वतंत्र असतील तर उत्तर ०.५ येतं, सगळे एकाच तालावर चालत असतील तर १. आपल्या आकड्यांत सीमा ०.६२ वर आहे. त्याच्या वर गेलं की गोडाऊनमध्ये साठवण्यापेक्षा सगळं डेपोत ठेवणं कागदावर स्वस्त होतं. दोन डेपोंमधला सहसंबंध ०.५ असेल तर हे गुणोत्तर ०.७९ होतं, गोडाऊनला २४० ऐवजी ३८० नग लागतात आणि एकूण आकडा ६२० वर जातो, तर सगळं डेपोत ठेवलं तर तोच ५३७. ही सीमा तुमच्या डेपोंच्या संख्येवर आणि कालावधींवर बदलेल, ती उचलून वापरू नका, दोन्ही टोकांची बेरीज स्वतः मांडा.

तरीही ०.६५ किंवा ०.७ दिसल्याबरोबर गोडाऊन रिकामं करणं शहाणपणाचं नाही. सूत्राला न दिसणारी एक गोष्ट आहे: गोडाऊनमधला नग कुठेही जाऊ शकतो, सोलापूरला उतरलेला नग कणकवलीला परत येत नाही. आणला तरी दोनदा भाडं आणि दोनदा चलन. कागदावरचा फरक दहा-बारा टक्क्यांच्या आत असेल तर साठा गोडाऊनमध्येच राहू द्यावा. फरक त्याहून बराच मोठा असेल तरच वस्तू दुसऱ्या टोकाला न्यावी.

गोडाऊनच कमी पडलं तर वाटप कसं करायचं

शून्य दिवसांची हमी म्हणजे कधीच कमी पडणार नाही असं नव्हे. अशा आठवड्यात जो आधी मागेल त्याला द्यायचं ठेवलं, तर सोमवारची सांगली पोटभर घेते, मंगळवारी कराड उरलेलं उचलतं आणि गुरुवारच्या सोलापूरला काही उरत नाही. दुसऱ्या ढिगातले तुटवडे बघा, त्यात सोलापूरचंच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याचं कारण गाडीचा वार आहे.

समजा सोमवारी सकाळी गोडाऊनमध्ये ३०० नग आहेत. डेपोत आणि वाटेत मिळून सांगलीचे १४०, कराडचे ११०, कणकवलीचे ९०, सोलापूरचे ६०. एकूण ४०० अधिक ३०० = ७००. चारही डेपोंची रोजची विक्री मिळून १००, म्हणजे सात दिवसांचा माल आहे. प्रत्येकाला सात दिवसांवर, म्हणजे १७५ वर आणायचं: सांगलीला ३५, कराडला ६५, कणकवलीला ८५, सोलापूरला ११५. बेरीज ३००. सोलापूरचे ११५ गुरुवारपर्यंत वेगळ्या रॅकवर नाव लावून बाजूला काढून ठेवायचे, नाहीतर मंगळवारी ते कराडच्या गाडीत चढलेले असतात. गोडाऊनचा साठा सहाशेच्या खाली आला, म्हणजे एका आठवड्याच्या इंडेंटला पुरणार नाही असं दिसलं, की हा नियम लावायचा. एरवी इंडेंटप्रमाणे द्यावं.

पुरवठादाराला ऑर्डर देतानाही नुसता गोडाऊनचा साठा बघू नका. गोडाऊन, वाटेतला माल आणि चारही डेपो यांची बेरीज बघा, त्यात पुरवठादाराकडे बाकी असलेली ऑर्डर मिळवा, आणि ती बेरीज ठरलेल्या पातळीपर्यंत आणा. सीलसाठी ती पातळी अशी: गोडाऊनचे ३६ दिवस × १०० = ३६०० अधिक २४०, डेपोंचे नऊ दिवस × १०० = ९०० अधिक २४०, एकूण ४९८०. खालच्या सगळ्या पातळ्यांसकट साठा मोजण्याची ही कल्पना अँड्र्यू क्लार्क आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६० साली मांडली. व्यवहारात तिचा उपयोग असा की डेपोने घाबरून ७० नग जास्त ओढले तरी बेरीज हलत नाही, त्यामुळे ती घबराट पुरवठादारापर्यंत पोहोचत नाही.

३० दिवस सरासरी आहे की वायदा?

वरचं सगळं गणित पुरवठादाराचे ३० दिवस पक्के धरून केलं आहे. खेपा कधी २७ दिवसांनी आणि कधी ३४ दिवसांनी येत असतील तर ३० ही फक्त सरासरी झाली. येण्याच्या दिवसांत दोन दिवसांचा चढउतार असला तरी गोडाऊनला २४० ऐवजी हे लागतं:

```
2*SQRT(36*20^2 + 100^2*2^2) = 466
```

मागणीच्या चढउतारापेक्षा खेपेचा चढउतार भारी पडतो, कारण एक दिवस उशीर म्हणजे सरळ १०० नग. अशा वेळी दोन्ही टोकांची तुलना नव्याने करा, पारडं उलटूही शकतं. पण आधी पुरवठादाराशी बोला. वीसपैकी एकोणीस खेपा ज्या दिवसांच्या आत येतात तो आकडा वायदा म्हणून लिहून घ्या आणि तोच सूत्रात घाला. सरासरी घालून वर साठा चढवत बसणं दोन्ही बाजूंनी महाग जातं.

पुराचा साठा या सूत्रात बसत नाही

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस थांबली. गोकुळ शिरगाव नदीच्या दक्षिणेला आहे. सांगली, कराड, सोलापूर या तिन्ही डेपोंच्या गाड्यांना नदी ओलांडावीच लागते. असा रस्ता बंद होणं हा चढउतार नाही. गुणक २ वरून २.५ केला तर डेपोला १५ नग वाढतील आणि सहा दिवसांच्या बंदीला ते अपुरे पडतील.

याचा वेगळा हिशोब करा. सहा दिवस गाडी जाणार नाही असं धरलं तर सहा दिवसांची पावसाळी सरासरी विक्री डेपोत आधी पोहोचलेली हवी. पावसाळ्यात सिंचनाचे पंप थंड असतात, त्यामुळे २५ चा आकडा लावू नका, जुलै-ऑगस्टचा घ्या. हा माल जूनअखेर पाठवायचा आणि सप्टेंबरमध्ये इंडेंट कमी करून जिरवायचा. पूर ओसरल्यावर पाण्यात बुडालेल्या मोटारी दुरुस्तीला येतात तेव्हा सील आणि बेअरिंग दोन्ही एकदम जातात, म्हणून ऑगस्टमध्येच घाईने कमी करू नका. सांगलीचा डेपो कृष्णेचं पाणी येणाऱ्या भागात असेल तर जादा माल वरच्या रॅकवर, किंवा सरळ कराडला.

बदल कोणत्या क्रमाने करायचा

आधी डेपो वर आणा, मग गोडाऊन उतरवा. प्रत्येक डेपोला २५ नग जादा, म्हणजे एकूण १०० नग गोडाऊनमधून एका आठवड्यात बाहेर जातील. गोडाऊनच्या ८५० मधले ७५० राहतील आणि हवे आहेत २४०. उरलेले ५१० नग म्हणजे जेमतेम पाच दिवसांची विक्री. कुठेही परत पाठवायची गरज नाही, पुरवठादाराची एक साप्ताहिक ऑर्डर तेवढ्याने कमी करा. क्रम उलटा केला, गोडाऊन आधी उतरवलं, तर डेपो घाबरून जास्त ओढतील आणि सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होईल.

याच वेळी डेपोंचं जादा मागणं थांबवावं लागेल, आणि नुसत्या सूचनेने ते थांबत नाही. इंडेंटचा आकडा डेपोने ठरवण्याऐवजी गोडाऊनने डेपोच्या विक्रीवरून काढावा: नऊ दिवसांची विक्री २२५ अधिक ६०, म्हणजे २८५ वजा डेपोत आणि वाटेत असलेला माल. डेपोला त्यात बदल करायची मुभा ठेवा, पण कारण लिहून. मोठ्या मेकॅनिकची ऑर्डर येणार आहे, हे त्यालाच ठाऊक असतं.

निकाल बघायला किमान आठ आठवडे द्या. आठ आठवड्यांत ३२ डेपो-फेऱ्या होतात. जुन्या पद्धतीत त्यात चारेक तुटवडे अपेक्षित, नव्यात एखादा. तीन-चार आले तर पुन्हा तोच पहिला प्रश्न: त्या दिवशी गोडाऊनमध्ये माल होता का? होता आणि तरी डेपोत नव्हता, तर नऊ दिवस खरंच नऊ आहेत का ते घड्याळ लावून मोजा. शुक्रवारी उतरलेला माल सोमवारपर्यंत संगणकावर चढत नसेल तर तुमचा कालावधी दहा किंवा अकरा दिवसांचा आहे.

महिन्याला एखाद-दुसरा नग जाणाऱ्या वस्तूंना मात्र हे सूत्र लावू नका. त्यांची मागणी घंटेच्या आकाराची नसते. अशी वस्तू चार डेपोंत एकेक ठेवण्यापेक्षा गोडाऊनमध्ये एक-दोन ठेवून कुरिअरने पाठवणं बरं, फक्त जिच्यावाचून गिऱ्हाइकाचा पंप बंद पडतो ती वस्तू असेल तर डेपोत एक नग हवाच.